पुश, व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस : साखळी कुठे थांबवावी?

"व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश वाचलेल्यांनाही आमचा एसएमएस जातो. खरे तर आधी अ‍ॅपची पुश सूचना, मग व्हॉट्सअ‍ॅप आणि तेही वाचले नाही तरच एसएमएस, अशी साखळी आम्ही लावली आहे. असे का होत असावे?"

वाचल्याची पोच वापरकर्त्याने बंद ठेवली असेल, तर संदेश वाचूनही तुमच्याकडे `delivered` हीच शेवटची नोंद राहते, `read` येतच नाही. म्हणून केवळ त्या नोंदीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. त्याऐवजी संदेशातच ‘मिळाले’ असे बटण द्यावे आणि तिन्ही मार्गांची पोच एकाच संदेश-क्रमांकावर नोंदवावी.

समजा, १०:०० वाजता पुश, १०:०२ ला व्हॉट्सअ‍ॅप आणि १०:०५ ला एसएमएस ठरला आहे आणि बटण १०:०४ ला दाबले गेले, तर एसएमएस प्रत्यक्ष निघण्याच्या क्षणी ती नोंद पुन्हा तपासली गेली पाहिजे, कारण रांगेत टाकताना केलेली तपासणी तोवर शिळी झालेली असते. `delivered` सुद्धा आले नसेल, तर मात्र फोनला बहुधा इंटरनेट नसते. तेव्हा एसएमएस लवकरच पाठवावा.