उ: आरोग्य विम्याचा निवृत्तीपर्यंतचा एकूण प्रीमियम

> पाच वर्षांत १६,००० चे २८,००० झाले. दरसाल १२ टक्के धरून वर वयोगटाच्या उड्याही मिळवायच्या ना?

नाही दादा, त्या १२ टक्क्यांत वयोगट बदलल्याची एक उडी आधीच आहे, ती दोनदा मोजली जाईल. आम्ही इथे रामबागेत भावाच्या विमा नूतनीकरणाच्या नोटिसांवर नेमकं हेच केलं होतं.

कंपनीचा आजचा दरतक्ता काढा. समजा त्यात ४१-४५ ला २२,४०० आणि ४६-५० ला २८,००० आहेत. म्हणजे उडी सव्वापट. तुमची एकूण वाढ पावणेदोनपट. तिला सव्वाने भागलं की १.४ उरतं. ही खरी दरवाढ, वर्षाला साधारण ७ टक्के.

आता पुढचे गटही आजच्याच तक्त्यातून घ्या: ५१-५५ ला ३५,००० आणि ५६-६० ला ४४,००० धरू. तुम्ही आज ५० चे आहात असं धरून त्यांवर पुढच्या वर्षापासून दरसाल ७ टक्के चढवले, तर ५१ ते ६० या दहा वर्षांत सुमारे ५.९५ लाख भरावे लागतील. १२ टक्के चढवले असते, तर ८ लाख दिसले असते!

एक काळजी घ्या. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. जुन्या नोटिशीतला आकडा कर वगळूनच घ्या, नाहीतर दरवाढ खोटी कमी दिसते.