मदत हवी आहे: सहकाऱ्याच्या आईचं निधन, ईमेल कसा लिहू?

माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याच्या आई परवा गेल्या. आमचं बोलणं कामापुरतंच, 'अहो-जाहो'तलं. फोन करण्याइतकी जवळीक नाही, म्हणून ईमेल लिहितोय. आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहून पाठवणारच होतो, पण श्रद्धांजली गेलेल्या माणसाला असते, मी तर मागे राहिलेल्याला लिहितोय. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'ही खोडलं, कारण ते देव मानतात की नाही हे मला ठाऊक नाही. आता उरलंय ते एवढं:

'तुमच्या आईंच्या निधनाची बातमी कळली. फार वाईट वाटलं. त्यांना भेटायचा योग आला नाही, पण जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला की तुमचा आवाज बदलायचा, ते आठवतंय. शुक्रवारचा अहवाल मी पूर्ण करून पाठवतो, त्याची काळजी करू नका. या ईमेलला उत्तर द्यायची गरज नाही.'

अडचण दोन ठिकाणी आहे. फोनचं वाक्य खरं आहे, पण आत्ता ते वाचून त्यांना जास्तच त्रास होईल का? आणि अहवालाचा उल्लेख इथे कोरडा वाटतो का? 'काही लागलं तर सांगा' लिहिलं की मागायचं ओझं त्यांच्यावरच पडतं, म्हणून नेमकं काम लिहिलं. विषयाच्या ओळीत नुसतं 'सांत्वन' बरं दिसेल, की 'तुमच्या आईंविषयी कळलं'? (मॅनेजरना सीसीत ठेवणार नाहीये, ते नक्की.)

उद्या सकाळी पाठवायचाय. कुठला शब्द खटकला तर स्पष्ट सांगा.