प्रतिसाद: वेल्फेअर आणि रिट्रीटचं बजेट

> ‘एमडींना मेमो द्यायचाय. वेल्फेअर आणि गोव्याची रिट्रीट मिळून एकच आकडा मागू का? आम्ही पुण्यात 60 जण, दोन रात्री.’

एकत्र अजिबात मागू नका. हात आखडता घ्यायची वेळ आली की एमडी एकूण रकमेतून सरसकट कापतात आणि आरोग्य तपासणीसारखा गरजेचा खर्चही त्यात जातो. दोन स्वतंत्र मंजुऱ्या मागा, म्हणजे रिट्रीट पुढे ढकलली तरी वेल्फेअर शाबूत राहील.

वरच्या प्रतिसादांत कोणी जीएसटीबद्दल लिहिलेलं नाही, आणि बजेट नेमकं तिथेच फसतं. हॉटेलचं ‘प्लस टॅक्स’ कोटेशन तसंच मेमोत उतरवू नका. हॉटेल गोव्यात असल्यामुळे तिथला सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर हा खर्चच. जेवणावरचं क्रेडिटही सहसा बंदच असतं.

दोघांत एक खोली धरली तर 30 खोल्या. 6000 रुपये भाड्याने दोन रात्रींचे 3,60,000. त्यावर 5 टक्के कर धरून 3,78,000. भाडं 7500 च्या वर गेलं की कर थेट 18 टक्के. 8000 च्या खोलीला 4,80,000 चे 5,66,400 होतात! त्यामुळे मेमोत खोलीभाड्याची 7500 ही मर्यादाच मंजूर करून घ्या.

आणि निर्णयाची तारीख ठळक लिहा. ती हॉटेलच्या फुकट रद्द करण्याच्या मुदतीआधीची हवी.