मदत हवी आहे: निबंधाचा समारोप म्हणजे प्रस्तावनेचीच नक्कल होतेय

नीरजा_क
समारोप लिहायला घेतला की प्रस्तावनाच पुन्हा उतरते. शब्द बदलून पाहिले, वाक्यं उलटसुलट करून पाहिली, तरी तपासणाऱ्यांचा शेरा तोच: पुनरावृत्ती. दुसरीकडे सगळे सांगतात की शेवटी आपली भूमिका पुन्हा मांडायलाच हवी. तीच भूमिका पुन्हा मांडायची आणि पुनरावृत्तीही करायची नाही, हे जमवायचं कसं? परीक्षा तोंडावर आहे, कृपया लवकर सांगा. नमुन्याची वाक्यं दिलीत तरी चालेल.

रानवारा
कोणती परीक्षा? वेळ किती, शब्द किती? आणि प्रश्न 'कितपत सहमत आहात' असा असतो की 'दोन्ही बाजूंची चर्चा करा' असा? त्यावर उत्तर बदलतं.

सुहास_देव
समारोपात प्रस्तावनेकडे वळायचंच नाही. एखादं सुभाषित घ्या, पुढच्या पन्नास वर्षांचं चित्र रंगवा, विषय व्यक्तीपासून समाजापर्यंत आणि समाजापासून मानवतेपर्यंत न्या. मी हजार-बाराशे शब्दांचे निबंध लिहितो, तीन तासांत दोन. त्यात शेवटचे दीडशे शब्द असे उंचीवर नेले की वाचणाऱ्यावर छाप पडते.

रानवारा
सुहासजी, हजार शब्दांत त्याला जागा असते. कमी शब्दांच्या निबंधात तेवढा ऐवज नसतो आणि सुभाषित वरून चिकटवल्यासारखं दिसतं. आधी त्यांची परीक्षा तर कळू दे.

नीरजा_क
आयईएल्टीएस, टास्क २. ४० मिनिटं, किमान २५० शब्द, संगणकावर. प्रश्न बहुतेक 'कितपत सहमत' असाच येतो आणि अडतंही तिथेच.

मंदार७
मग एवढं डोक्याला लावून घेऊ नका. समारोपाला वेगळे गुण नसतात. 'थोडक्यात सांगायचं तर' म्हणून एक वाक्य लिहायचं, प्रस्तावनेतल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाला समानार्थी शब्द वापरायचा आणि उरलेला वेळ चुका तपासायला द्यायचा. शब्दसंग्रहाचे गुणही त्यातच मिळतात.

ओळअनओळ
वेगळे गुण नसतात, हे खरं. पण 'टास्क रिस्पॉन्स' या निकषात भूमिका निबंधभर कशी टिकते आणि निष्कर्ष कसे निघतात ते पाहतात. सहा बँडच्या जाहीर वर्णनात निष्कर्ष अस्पष्ट किंवा पुनरावृत्त असू शकतात, असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे नीरजाताईंना मिळालेला शेरा थेट बँडशी जोडलेला आहे.

समानार्थी शब्दांचा उपाय मला धोक्याचा वाटतो. शब्द बदलले तरी विधान तेच राहतं, म्हणून वाचणाऱ्याला पुनरावृत्ती दिसतेच. आणि घाईत बदललेला शब्द कधीकधी विधानच हलवतो. 'मोफत' दुसऱ्यांदा नको म्हणून 'परवडणारी' लिहिलं की प्रश्नच बदलला.

नीरजाताई, तुमच्या एखाद्या निबंधाची प्रस्तावना आणि समारोप इथे टाका. मधल्या दोन परिच्छेदांत काय होतं तेही सांगा, त्याशिवाय काही सांगता येणार नाही.

नीरजा_क
मूळ इंग्रजीत आहे, अर्थ मराठीत देते. प्रश्न: सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी मोफत करावी, यावर कितपत सहमत?

प्रस्तावना: 'काहींच्या मते बस आणि रेल्वेचा प्रवास सर्वांना मोफत असावा. मी याच्याशी पूर्णपणे असहमत आहे, कारण गाडीवाले तिकिटासाठी गाडी सोडणार नाहीत आणि मोफत प्रवासामुळे सेवेसाठी पैसा उरणार नाही.'

समारोप: 'शेवटी, सार्वजनिक वाहतूक मोफत करण्याच्या कल्पनेशी मी सहमत नाही, कारण गाडी वापरणारे लोक भाड्यामुळे बदलणार नाहीत आणि सेवेचा निधी कमी होईल.'

रानवारा
मधले परिच्छेद राहिले की! पुनरावृत्तीचं मूळ तिथेच सापडेल.

नीरजा_क
पहिल्यात: माणूस गाडी काढतो ते वेळ वाचावा आणि खात्रीने पोचावं म्हणून, बस दर अर्ध्या तासाने येत असेल तर ती फुकट असूनही तो बसणार नाही. दुसऱ्यात: तिकिटाचं उत्पन्न गेलं की फेऱ्या कमी होतात, म्हणून फक्त कमी उत्पन्नाच्या लोकांना सवलत द्यावी. समारोपाशी याचा काय संबंध?

ओळअनओळ
सगळा संबंध इथेच आहे. तुमचे मधले परिच्छेद प्रस्तावनेपेक्षा पुढे गेलेत आणि समारोप मात्र मागे, प्रस्तावनेपाशी जाऊन उभा राहिलाय. परिच्छेदांत तीन गोष्टी हाती लागल्या: गाडी सोडवते ती वारंवारता, तिकीट नव्हे, उत्पन्न गेलं तर नेमक्या त्या फेऱ्याच कमी होतात, आणि सवलत काहींनाच हवी. यातलं काहीच समारोपात नाही.

त्यामुळे समारोप लिहिताना प्रस्तावना डोळ्यांसमोर ठेवू नका. संगणकावर असाल तर ती पडद्याच्या वर सरकवा. दोन्ही परिच्छेदांची शेवटची वाक्यं वाचा आणि स्वतःला विचारा: एवढं दाखवून झाल्यावर आता माझं मत नेमकं काय आहे? भूमिका तीच असते, पण आता ती किती, कुठपर्यंत आणि कोणत्या कारणाने हे सांगता येतं, जे सुरुवातीला सांगण्याचा अधिकार नव्हता. तुमच्याच मजकुरातून असं निघतं:

'गाडी सोडायला लावते ती वेळेवर येणारी बस, फुकट तिकीट नव्हे. म्हणून सरसकट मोफत प्रवासाऐवजी तो पैसा फेऱ्या वाढवण्यावर खर्च व्हावा, आणि सवलत ज्यांना तिकीट खरोखर जड जातं त्यांच्यापुरती असावी.'

'मी असहमत आहे' हे शब्द यात नाहीत, तरी भूमिकेबद्दल शंका राहत नाही. दोन कारणं नुसती शेजारी ठेवलेली नाहीत, एकातून दुसरं निघतं. इंग्रजीत हे साधारण चाळीस-पन्नास शब्द होतील. २५० शब्दांच्या निबंधात तेवढे पुरतात.

मंदार७
पण यात 'असहमत' नाहीच! परीक्षकाने शोधत बसायचं का? मी तरी थेट शब्द टाकायला सांगेन. घाईत वाचणाऱ्याला उत्तर एका नजरेत दिसलं पाहिजे.

ओळअनओळ
'सरसकट मोफत प्रवासाऐवजी' यात उत्तर आहेच. तरी धाकधूक वाटत असेल तर 'म्हणून'च्या पुढे 'मला पटतं ते हे की' जोडा. फक्त प्रस्तावनेतलं अख्खं वाक्य परत आणू नका.

कागदबोरू
एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. प्रस्तावनेत 'पूर्णपणे असहमत' आहे आणि दुसऱ्या परिच्छेदात कमी उत्पन्नवाल्यांना सवलत. वरचा समारोप वाचला की भूमिका सरकल्यासारखी वाटते. पुनरावृत्ती गेली आणि विसंगती आली.

ओळअनओळ
अगदी रास्त. इथे दुरुस्ती प्रस्तावनेत करायची: 'पूर्णपणे' काढून 'सर्वांसाठी मोफत करण्याला माझा विरोध आहे' असं लिहायचं. मग शेवटी 'काहींपुरती सवलत' हे त्याच भूमिकेचं टोक ठरतं. संगणकावर हा बदल काही सेकंदांचा आहे. म्हणून समारोप झाल्यावर प्रस्तावनेतला 'पूर्णपणे', 'अजिबात', 'नेहमीच' असा शब्द एकदा तपासावा.

आणि प्रस्तावनेतली कारणंही कमी करा. तुम्ही तिथेच दोन्ही कारणं पूर्ण मांडून टाकता, मग शेवटी सांगायला उरतं काय? 'कारण यातून वाहतुकीचा मूळ प्रश्न सुटत नाही' एवढी दिशा पुरे. तपशील परिच्छेदांना राहू द्या आणि त्यांचा निकाल समारोपाला.

रानवारा
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. प्रस्तावनेत कारणं अजिबात नसली तर निबंध कुठे चाललाय ते वाचणाऱ्याला कळत नाही. दोन्ही कारणांची नावं घ्यावीत, स्पष्टीकरण देऊ नये: 'प्रवाशांच्या सवयी आणि सेवेचा खर्च या दोन कारणांनी'. मग समारोपात त्यांचं वजन सांगता येतं, कोणतं जड आणि का.

ओळअनओळ
तेही चालतं. मला एकच दिशा जास्त सुटसुटीत वाटते, पण नावं घेतल्याने नुकसान नाही.

मृदगंध
मला वाटतं सुरुवात आकर्षक असावी. एखाद्या प्रश्नाने किंवा धक्का देणाऱ्या आकडेवारीने सुरू करा, वाचणारा लगेच गुंततो.

कागदबोरू
मृदगंध, विषय समारोपाचा आहे. आणि परीक्षेत मनाने आकडेवारी रचू नये, खोटा आकडा चटकन ओळखू येतो.

नीरजा_क
दोन प्रश्न. पाचच मिनिटं उरली असतील तर एवढा विचार कुठून करायचा? आणि समारोप आराखडा करतानाच लिहून ठेवला तर?

मंदार७
आराखड्यातच लिहा. शेवटी धांदल होत नाही.

ओळअनओळ
आराखड्याच्या वेळी लिहिलेला समारोप प्रस्तावनेची सावली होतो, कारण तेव्हा तुमच्याकडे प्रस्तावनेपलीकडे काही नसतंच. आराखडा करताना फक्त एक ओळ टिपून ठेवा: 'शेवटी कोणती अट किंवा मर्यादा सांगायची'. इथे ती 'काहींपुरती सवलत' झाली असती. मग दुसरा परिच्छेद लिहितानाच ती आत येते आणि शेवटी आयती मिळते.

शेवटची चार-पाच मिनिटं समारोपाला राखा, म्हणजे साधारण पस्तिसाव्या मिनिटाला परिच्छेद थांबवा, अर्धा मुद्दा राहिला तरी. दोनच मिनिटं उरली तर एकच वाक्य, पण तेही परिच्छेदांमधून: 'प्रवासी फेऱ्यांनी वाढतात, म्हणून पैसा मोफत तिकिटांऐवजी फेऱ्यांवर जावा.' अर्धवट दोन वाक्यांपेक्षा हे बरं.

सुहास_देव
यात विजेवरच्या बस आणि प्रदूषण घातलं तर समारोप व्यापक होईल.

रानवारा
नको. परिच्छेदांत प्रदूषणाचा शब्द नाही, शेवटी आणला तर तो आधाराशिवायचा नवा मुद्दा होतो. तुमच्या लांब निबंधात प्रदूषणावर आधी एखादा परिच्छेद असेल, इथे नाही.

नीरजा_क
दुसऱ्या विषयावर करून पाहिलं. प्रश्न: शाळांनी गृहपाठ बंद करावा का? परिच्छेद: एक, लहान मुलांचा गृहपाठ बहुधा पालकच करतात, दोन, मोठ्या मुलांना स्वतः अभ्यास करण्याची सवय त्यातूनच लागते. समारोप: 'गृहपाठाचा उपयोग तो मूल स्वतः करतं तेव्हाच होतो, म्हणून तो सरसकट बंद करण्याऐवजी लहान वर्गांत काढावा आणि मोठ्या वर्गांत ठेवावा. शिक्षकांनी तो वर्गातच तपासावा.'

कागदबोरू
पहिलं वाक्य उत्तम. प्रस्तावनेत 'सरसकट बंदी नको' असं काही आहे ना? नुसतं 'असहमत' असेल तर मघाचाच घोळ.

ओळअनओळ
दुसरं वाक्य काढा. 'वर्गातच तपासावा' हे परिच्छेदांत कुठेच नाही.

रानवारा
सूचना म्हणून एवढं चालायला हरकत नाही. 'म्हणून काय करावं' हा पहिल्या परिच्छेदाचाच पुढचा धागा आहे, नवा मुद्दा नव्हे.

ओळअनओळ
पालक गृहपाठ करतात, म्हणून वर्गात तपासावा, हा दुवा वाचणाऱ्याने जुळवायचा का? तो पहिल्या परिच्छेदात एका वाक्यात असता तर मी ठेवलं असतं.

नीरजा_क
प्रस्तावनेत 'पूर्ण बंदीला विरोध' असं आहे. तपासण्याचं वाक्य पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी हलवून पाहते, मग समारोपात ते ठेवायचं की नाही ते पुन्हा विचारते.