मदत हवी आहे: टँकरचं पाणी लिटरमागे नक्की कितीला पडतं?

निखिल_उंड्री
आमच्या बिल्डिंगला टँकर मागवावा लागतो. पाण्याचे १४०० आणि वर गाडीभाड्याचे २०० घेतात. टाकीत सगळं पाणी मावत नाही. उरलेलं तो परत घेऊन जातो, पैसे मात्र पूर्ण. आमचे खजिनदार म्हणतात लिटरला १४ पैसे धरा. मला हे अजिबात पटत नाही. रविवारी मीटिंग आहे, त्याआधी बरोबर आकडा हवा. पटकन सांगा कुणीतरी.

स्वाती_म
टँकर ५ हजारांचा की १० हजारांचा? टाकीत किती मावतं? आणि दर कशाला हवाय? मेंटेनन्समध्ये सगळ्यांना सारखेच पैसे लावणार असाल तर लिटरचा दर काढून काय करणार?

निखिल_उंड्री
१० हजारांचाच, इकडे तोच येतो. मावतं ८ हजारांच्या आसपास. बिल्डिंगखाली सलूनचा गाळा आहे, त्याला वेगळा सब-मीटर आहे. त्याच्याकडून रीडिंगप्रमाणे पैसे घ्यायचेत. मागच्या महिन्याचं रीडिंग ४२०० लिटर आलंय.

अंबरनाथकर
१४ पैसे म्हणजे स्वस्तच की! आमच्याकडे २० लिटरचा जार ४० रुपयांना येतो, म्हणजे लिटरला २ रुपये. प्यायला टँकरचं पाणी वापरू नका, आधी टीडीएस तपासून घ्या.

स्वाती_म
अहो, ते प्यायच्या पाण्याचं विचारत नाहीयेत. निखिल, खजिनदारांनी फक्त १४०० ला १० हजारांनी भागलंय. भाडं धरलं की १६ पैसे होतात. आणि टाकीत ८ हजारच उतरलं असेल तर १६०० भागिले ८०००, म्हणजे २० पैसे. सलूनचं बिल १४ पैशांनी ५८८ रुपये होतं, २० पैशांनी ८४०.

हिशेबी
२० सुद्धा कमीच आहे. फूट व्हॉल्वच्या खालचं पाणी पंप ओढतच नाही. तेही वजा करा. तुमच्या टाकीत ते किती असतं?

निखिल_उंड्री
खालची टाकी आतून ४ मीटर बाय २ मीटर, ओव्हरफ्लोचा पाइप दीड मीटरवर. फूट व्हॉल्व तळापासून १५ सेंटिमीटरवर आहे.

हिशेबी
मग तळाशी १२०० लिटर अडकलेलं. ८००० मधून ते गेलं की ६८०० उरतात. दर साडेतेवीस पैसे. हाच खरा दर.

वसंतकाका
हिशेबी, तळाशी पाणी राहतं हे बरोबर, पण ते दर टँकरमागे वजा होत नाही. ते १२०० लिटर टाकी पहिल्यांदा भरली तेव्हाच खाली बसलं. आजचा टँकर त्याच्यावर येऊन पडतो आणि त्यातलं सगळं वर चढतं. टाकी धुताना तळ उपसून टाकाल तेवढ्याच वेळी ते वाया गेलं म्हणायचं. टाकीत राहून दुसऱ्या दिवशी वापरलं जाणारं पाणीही वाया गेलेलं नसतं. पैसे देऊन हाती न लागलेलं पाणी म्हणजे गाडीबरोबर परत गेलेलं आणि ओव्हरफ्लोने गटारात गेलेलं, एवढंच.

निखिल, "८ हजारांच्या आसपास" हे कुणी मोजलंय की ड्रायव्हर सांगतो? तुमच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे ८० लिटर. पंप बंद करा, टाकीत काठी घालून ओल कुठवर आली ते बघा, टँकर रिकामा झाल्यावर पुन्हा बघा. मधल्या सेंटिमीटरना ८० ने गुणा. पंप चालू राहिला तर भरताभरताच पाणी वर जातं आणि मोजमाप कमी येतं.

पावसाचं_पाणी
या सगळ्यापेक्षा गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडा. आम्ही पिसोळीत केलंय, टँकर निम्म्यावर आले.

स्वाती_म
चांगलंच आहे, पण त्यांची मीटिंग या रविवारी आहे आणि बोअर आहे की नाही हेही माहीत नाही.

निखिल_उंड्री
बोअर आहे, उन्हाळ्यात आटते. तो विषय नको प्लीज.
काका, ८ हजार हे ड्रायव्हर सांगतो. वॉचमन टाकीत ५० सेंटिमीटर पाणी राहिलं की फोन करतो. त्याहून खाली जाऊ दिलं आणि गाडी उशिरा आली तर नळ कोरडे पडतात.

वसंतकाका
५० सेंटिमीटर म्हणजे ४ हजार लिटर. ओव्हरफ्लोपर्यंत १२ हजार. त्यामुळे जागा ८ हजारांचीच, तेवढं ड्रायव्हर खरं बोलतोय. वॉचमनही लवकर फोन करत नाही. २५ सेंटिमीटरपर्यंत थांबला तर पंपाला ओढायला ८०० लिटरच राहतील, ते तुमच्या बिल्डिंगला काही तासही पुरायचे नाहीत.

उपाय वरच्या टाकीत आहे. गाडी निघाली असा फोन आला की पंप सुरू करून वरची टाकी भरून घ्यायची. २ हजार लिटर वर गेलं की खाली २५ सेंटिमीटर राहतं आणि अख्खा टँकर मावतो. मग पंप बंद, काठी घालून माप, आणि मगच पाइप टाकीत. परत जायला काही उरलंच नाही की दर १६ पैशांवर येतो.

हिशेबी
टँकरमध्ये १० हजार भरलेलं असेल तर ना!

वसंतकाका
ते खरं आहे. पाइप जोडण्याआधी टँकरवर चढून वरच्या झाकणातून बघायचं, पाणी गळ्यापर्यंत आहे का. रिकामा करताना गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला हवा, कारण व्हॉल्व मागे असतो. तोंड उताराला असेल तर पुढच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं, आणि धार बारीक झाली की ड्रायव्हर पाइप काढून निघतो.

स्वाती_म
मला मात्र एक पटत नाही. आजवर जे २ हजार लिटर परत गेलं त्याचा भार सलूनवाल्याने का उचलायचा? कधी मागवायचं ते सोसायटी ठरवते. त्याला १६ पैसेच लावायला हवेत.

हिशेबी
आणि उरलेले पैसे फ्लॅटवाल्यांनी भरायचे? पाणी सगळे वापरतात, नुकसानही सगळ्यांचं.

निखिल_उंड्री
आज काकांनी सांगितलं तसं केलं. वरची टाकी भरून घेतली, पंप बंद केला. आधी २५ सेंटिमीटर, नंतर १४१. ओव्हरफ्लो झाला नाही. ११६ गुणिले ८० म्हणजे ९२८० लिटर. दर सव्वासतरा पैसे येतोय. गाडीचं तोंड उताराला होतं, गेट अरुंद असल्याने मागे वळवता आली नाही.

वसंतकाका
उरलेले ७२० लिटर बहुतेक गाडीच्या पुढच्या भागात राहिले. पुढच्या वेळी गाडी रस्त्यावरूनच रिव्हर्समध्ये आत घ्यायला सांगा. तरीही इतकंच आलं तर भरतानाच कमी भरलं जातंय. एकदा टाकीचं आतलं माप पुन्हा घ्या, मधे खांब असेल तर सेंटिमीटरला ८० लिटर भरणार नाहीत.

स्वाती_म
निखिल, कॉर्पोरेशनचं पाणी याच टाकीत येतं का?

निखिल_उंड्री
हो, दिवसाआड तासभर येतं. का?

स्वाती_म
मग सलूनच्या मीटरमधून गेलेलं ४२०० लिटर सगळं टँकरचं नाही. कॉर्पोरेशनचं पाणी आपण घरपट्टीत भरतो, गाळ्याचा मालकही भरत असेल. सगळ्या रीडिंगला टँकरचा दर लावला तर तो भांडेल आणि त्याचं बरोबर असेल.

वसंतकाका
ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. कॉर्पोरेशनचं पाणी येण्याआधी आणि बंद झाल्यावर हीच काठी घाला, पंप बंद ठेवून. महिन्याचं दोन्हीकडचं पाणी एकत्र करा आणि टँकरच्या पैशांना त्या बेरजेने भागा. सलूनला तो दर लावा.

निखिल_उंड्री
महिनाभर थांबायला वेळ नाही, मीटिंग रविवारी आहे. गेल्या महिन्याचं बिल काय लावू?

हिशेबी
सव्वासतरा लावा, पुढच्या महिन्यात फरक वळता करा.

स्वाती_म
उलट करा. आत्ता अर्ध्या रीडिंगचेच पैसे घ्या, बाकी मोजमाप झाल्यावर. जास्त घेतलेले पैसे सोसायटीकडून परत मिळवणं किती अवघड असतं ते गाळेवाल्यांना विचारा.