दुधाची जोडी फसवी असते
> "दुकानात एकत्र विकल्या जाणाऱ्या जोड्यांच्या दर महिन्याच्या यादीत दूध सगळ्यांसोबत वर येतं. मग मांडणी कशी ठरवायची?"

नुसती एकत्र बिलं मोजू नका, लिफ्ट काढा, म्हणजे एकत्र बिलं योगायोगाने आली असती त्याच्या किती पट आहेत ते बघा. समजा महिन्याची १०,००० बिलं आहेत. दूध ४,००० बिलांत, ब्रेड १,००० बिलांत, दोन्ही ४०० बिलांत. आकडा मोठा दिसतो, पण दूध ४०% बिलांत असतंच, म्हणजे ब्रेडच्या १,००० बिलांपैकी निव्वळ योगायोगानेही ४००च आली असती. लिफ्ट १, म्हणजे नातं नाही. उलट टूथब्रश २००, टूथपेस्ट ५००, एकत्र ६०. योगायोगाने १० आली असती, म्हणून लिफ्ट ६. ही जोडी शेजारी ठेवण्यासारखी.

आधी 'एकावर दुसरं मोफत' योजनेची बिलं मात्र वगळाच. मी एकदा वगळली नव्हती. योजना संपली आणि पुढच्या महिन्यात जोडी यादीतून गायब. तोवर शेल्फ हलवून झालं होतं.