अनुभव धागा: नागपूरहून समुद्राखाली. कोणता महिना, कोणती तिथी, किती दिसलं?

धंतोलीकर

मागच्या दिवाळीत आम्ही सहा जण तारकर्ली-देवबागला गेलो होतो. मी, बायको, ११ आणि ८ वर्षांची दोन पोरं, सासरे-सासूबाई. मडगावच्या गाडीने कुडाळ, पुढे रिक्षा. भाऊबीजेला दुपारी अडीचला स्कूबाची बोट निघाली. खाली गेल्यावर मला माझाच हात कोपरापर्यंत दिसत होता, पुढे सगळं मुगाच्या वरणासारखं. इन्स्ट्रक्टरने एक मासा दाखवला म्हणे. मी मान डोलावली. व्हिडिओत मात्र निळं पाणी आणि पिवळे मासे आले, ते माझ्या डाइव्हचे नव्हते हे आठ वर्षांच्या पोरानेसुद्धा ओळखलं.

यंदा परत जायचं आहे. मालवण, नेत्राणी, अंदमान, कुठेही गेला असाल तर लिहा. महिना, वेळ, पाण्यात किती हात लांबचं दिसलं आणि तुम्हाला पोहता येत होतं का, एवढं नक्की सांगा. “खूप छान अनुभव” चालणार नाही.

तर्रीपोहा

मे महिन्यात जा ना भाऊ. पाऊस नाही, ऊन कडक, पाणी आरसा. आम्ही १० मेला गेलो होतो, सात-आठ हात सहज दिसलं. दिवाळीत पावसाळ्याचा गाळ बसलेलाच नसतो, काहून जाता तेव्हा?

देवबागची लेक (आता मनीषनगर)

माहेर देवबाग आहे, भावाची होडी आहे, म्हणून लिहिते. तर्रीपोहा यांचं अर्धं बरोबर आहे. एप्रिल चांगला, मेचा पहिला आठवडाही बरेचदा चांगला. पण नंतर दक्षिणेकडून लांब लाट यायला लागते. वर ऊन असलं तरी तळाची वाळू उचलते. साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत तर जलक्रीडा बंदच असतात. उशिराचं तिकीट काढलंत आणि पाऊस लवकर आला, तर किनाऱ्यावर सोलकढी पिऊन परत.

धंतोलीकर, तुमचा महिना चुकला नाही. तिथी आणि वेळ चुकली.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरायचा, मालवणला मुंबईपेक्षा थोडी लवकरच येते. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोन पाऊणे दीड. भरती दुपारी दीडला किंवा जरा आधीच भरली आणि तुम्ही अडीचला उतरलात. तेव्हा सुकती चालू झाली होती, तुम्ही जिला ओहोटी म्हणता ती. कर्ली नदीचा सगळा गढूळ माल त्या वेळी संगमातून बाहेर पडतो.

त्यात अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, तेवढंच जोरात धावतं. वर दुपारचा खारा वारा. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्या दिवशी कोणालाच काही दिसलं नसणार.

धंतोलीकर

ताई, म्हणजे दिवाळीत जाऊच नये का? दिवाळी तर अमावास्येलाच येते, आम्ही काय करणार!

देवबागची लेक (आता मनीषनगर)

जा, पण भाऊबीज घरी करून निघा. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग असतो, पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. कार्तिक शुद्ध दशमीला हिशेब करा: दहा पाऊणे साडेसात. सकाळी साडेसातच्या आसपास भरती भरते, बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि ते हळूहळू उतरतं. आठला पाण्यात असा. दहा-साडेदहाला वारा सुटायच्या आत बाहेर. एकादशी, द्वादशीलाही चालेल, द्वादशीची भरती नऊला. नंतर मात्र पौर्णिमेचं उधाण जवळ येतं.

उधाणातच यावं लागलं तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला अकराच्या भरतीच्या जरा आधी उतरा. दुपारी कोणी बोलावलं तर सरळ नाही म्हणा.

आणि नोव्हेंबरमध्ये फार अपेक्षा ठेवू नका. भांगातही चार-पाच मीटर दिसलं तरी आमच्याकडे तो चांगला दिवस. जानेवारी-फेब्रुवारीत सात-आठ, कधी दहा. ते निळे काचेसारखे फोटो मालवणचे नसतात.

सुधाकाकू, रामदासपेठ

कार्तिकी एकादशीला पाण्याखाली? आणि तुळशीचं लग्न कोण लावणार?

असो. मला विचारायचं होतं, रामटेकच्या खिंडशीला स्नॉर्केलिंग होतं का? नातू मागे लागला आहे. एवढ्या लांब कोकणात कशाला जायचं?

पट्टीचा_पोहणारा

काकू, खिंडशीला बोटिंग होतं. खाली हिरवं पाणी आणि चिखल, मास्क लावून काय पाहणार? पण नातवाला इथल्या पूलमध्ये तयार करा. मी पोरांना पोहायला शिकवतो. स्नॉर्केलला जाणाऱ्यांकडून तीन गोष्टी करून घेतो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि वरची कड दाबून नाकाने फुंकून काढायचं. नळी पाण्याने भरली की जोरात फुंकर मारून मोकळी करायची. आणि तोंडाने श्वास घेत दहा मिनिटं तोंड खाली ठेवून नुसतं तरंगायचं. दहापैकी सात जण तिसऱ्यात अडकतात, ज्यांना पोहता येतं तेसुद्धा. नाक बंद झालं की डोकं घाबरतं. ते अंबाझरीच्या बाजूच्या पूलमध्ये घाबरलेलं बरं, समुद्रात नको.

चष्मेवाली

माझा नंबर उणे साडेचार. मागच्या फेब्रुवारीत मालवण, माघातली दशमी (तेव्हा मला हे गणित माहीत नव्हतं, सुट्टी तेव्हाच मिळाली). सकाळी पावणेआठला बोट. होडीवाल्या काकांनी नांगर टाकला आणि मला म्हणाले, “दोर बघ, कुठवर दिसतो.” दोराला दर हातावर लाल चिंध्या बांधल्या होत्या. बिनचष्म्याने मला दोन दिसल्या, माझ्या बहिणीला नऊ. नऊ हात म्हणजे साधारण चार मीटर. तेव्हाच ते म्हणाले की आज खडकाच्या कडेला बरं दिसेल, मधल्या वाळूवर नको.

मला नंबरचा मास्क मिळाला नाही. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, त्यामुळे थोडं निभावलं, पण लांबचे मासे म्हणजे रंगीत धब्बे. नंबर असेल तर मास्कवाल्याला आधी फोन करा. पोहता येत नव्हतं, स्नॉर्केल जॅकेट घालून केलं, अर्धा तास टिकले.

बर्डीवरचा_बंटी

माझी फजिती लिहितो. नेत्राणी, डिसेंबर. मुरुडेश्वरहून बोटीने दीड तास, त्यात मी सकाळी उपमा-वडा दाबून खाल्लेला. पोहोचेपर्यंत सगळा परत. पाणी मात्र कडक, आमच्या इन्स्ट्रक्टरच्या मते पंधरा मीटर, मला तळाचे खडक वरूनच दिसून राहिले होते.

खाली उतरलो, मासेच मासे. इन्स्ट्रक्टरने खुणेने विचारलं, ठीक? मी खुश होऊन अंगठा वर केला. त्याने मला धरून वर आणलं. मी परत अंगठा. तो आणखी वर. डोकं बाहेर आलं तेव्हा कळलं, पाण्यात अंगठा म्हणजे “वर चला”. “ठीक” म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल. बोटीवर सांगितलं होतं, पण मी तेव्हा कठड्यावर लटकून उलट्या करत होतो बे! एकूण चार मिनिटं डाइव्ह. पैसे पूर्ण.

पोहता येतं. नेत्राणी पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगेन का? पाणी बघून हो, बोट बघून नाही.

मिहानवाली

आम्ही अंदमान, २४ ते ३० डिसेंबर, चेन्नईमार्गे. सगळे म्हणतात डिसेंबर बेस्ट. पहिले दोन दिवस पाऊस आणि वारा, हॅवलॉकची फेरी एक दिवस उशिरा. एलिफंट बीचला पाणी ढवळलेलं, पाच-सहा मीटर दिसलं असेल. त्याच ठिकाणी माझा दीर मार्चमध्ये गेला, तो वीस सांगतो (तो थोडं वाढवून सांगतो, बारा धरा). तिकडे ईशान्येचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, हे बुकिंग करताना कोणी सांगितलं नाही.

नील बेटावर आणखी एक. सकाळी ओहोटीला गेलो तर प्रवाळ गुडघाभर पाण्यात, पोटाला घासून पोरगी रडली. दुपारी भरतीला त्याच जागी मस्त. म्हणजे मालवणात भरती गढूळपणासाठी बघायची, तिथे खोलीसाठी.

आणि परतीचं विमान. मुलाने शेवटच्या दोन दिवसांत तीन डाइव्ह ठरवल्या होत्या, तिसरी दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं विमान होतं. इन्स्ट्रक्टरने आधीच विचारलं म्हणून शेवटची रद्द केली, नाहीतर सतरा तासांचंच अंतर राहिलं असतं. अनेक डाइव्ह झाल्या की किमान अठरा तास थांबायचं. शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवा.

तर्रीपोहा

मी ट्रेननेच जातो, मला ते लागू नाही 😄 पण माझ्या मेच्या डाइव्हची तिथी आत्ता कॅलेंडरमध्ये काढली. नवमी होती. म्हणजे ताईंचंच खरं निघालं का?

देवबागची लेक (आता मनीषनगर)

एका दिवसावरून काही सांगता येत नाही. भांगातसुद्धा पाणी हिरवं निघतं कधी कधी. आदल्या रात्री लाटा निळ्या चमकल्या असतील तर पाण्यात बारीक जीव वाढलेले असतात, मग तिथीचं काही चालत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला “आजचा व्हिडिओ पाठव, कापाकापी नको” असं सांगायचं. पाठवायला टाळाटाळ केली तर समजायचं.

धंतोलीकर, तुमचा धाकटा ८ वर्षांचा ना? त्याला स्कूबा नाही, दहाच्या आत नाहीच. कोणी “चालतंय” म्हणालं तर त्याच्याकडे थोरल्यालाही देऊ नका. धाकट्याला स्नॉर्केल, खडकाच्या आडोशाला. आणि सासऱ्यांना बीपीची गोळी चालू असेल तर नागपुरातच डॉक्टरांकडून लिहून घ्या. फॉर्मवर तो प्रश्न असतो, आणि तिथे बोटीवर बसून “नाही” वर टिक करणारे मी खूप बघितले आहेत.

धंतोलीकर

सासऱ्यांना गोळी चालू आहे. त्यांना अजून सांगितलं नाही.

कॅलेंडर काढून बसलो आहे. दशमीला शाळा सुरू झालेली असेल, थोरल्याची युनिट टेस्ट त्याच आठवड्यात. बायको म्हणते फेब्रुवारी. तेव्हा माझ्या ऑफिसचं क्लोजिंग. ख्रिसमसच्या सुट्टीत कोणती तिथी येते ते बघतो, आठ दिवसांत एक तरी दशमी सापडेल.

सुधाकाकू, रामदासपेठ

पूलची फी किती हो, पट्टीचा_पोहणारा? नातू आजच दोन मिनिटं बादलीत तोंड घालून बसला होता.